पिंग चालतो, tcpdump मध्ये पॅकेटही दिसतं, पण प्रोग्रामला डेटा मिळत नाही: यूडीपी चेकसम आणि स्यूडो हेडर

भोसरी एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात क्वेंचिंग ऑइलच्या सहा टाक्या आहेत. प्रत्येक टाकीवर तापमान मोजणारा एक छोटा नोड बसवलेला आहे. तो इथरनेटच्या तारेने स्विचला जोडलेला असतो आणि ठरावीक वेळाने यूडीपीवरून एक आकडा ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरला पाठवतो. सर्व्हरवरचा प्रोग्राम ते आकडे नोंदवतो, आणि तेल जास्त तापलं तर भोंगा वाजवतो.

त्रास असा की मधूनच काही टाक्यांचे आकडे यायचे बंद होतात. बहुतेक वेळा हे गुरुवारी घडतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवार म्हणजे वीज दुरुस्तीचा वार, त्यामुळे संशय लगेच विजेवर जातो. सुपरवायझर नोडची बॅटरी काढून परत लावतात, आकडे सुरू होतात आणि विषय तिथेच मिटतो. पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच, आणि दर वेळी त्याच टाक्या बंद पडतात असंही नाही. कधी दोन, कधी चार, क्वचित एकही नाही.

असाच त्रास तुमच्याकडे असेल तर पुढचं सगळं वाचा, कारण रीस्टार्टने बरा होणारा हा दोष रीस्टार्टनेच लपतोही. बिघाड चालू असताना नोडला हात न लावता तपास केला, तरच मूळ कारण हाती लागतं.

बिघाड चालू असताना काय दिसतं

पहिली तपासणी सगळेच करतात ती पिंगची. सर्व्हरवरून बंद पडलेल्या नोडला पिंग केलं तर उत्तर व्यवस्थित येतं. म्हणजे तार, स्विच, नोडचा आयपी पत्ता, सगळं जागेवर आहे. मग सर्व्हरवर पॅकेट पोहोचतं का ते बघायचं:

```
sudo tcpdump -ni eth0 -vv udp port 5005
```

इथे बहुतेकांची गाडी अडते, कारण पॅकेटं येताना दिसतात. ती वेळेवर येतात आणि पोर्टही बरोबर असतो. साहजिकच सगळे सर्व्हरच्या प्रोग्रामला दोष देतात, तोही रीस्टार्ट करतात, आणि काहीच फरक पडत नाही.

tcpdump पॅकेट पकडतं ते नेटवर्क कार्डाच्या जवळ, म्हणजे लिनक्सच्या यूडीपी थराने त्याकडे बघण्याच्या आधी. त्यामुळे tcpdump मध्ये दिसणारं पॅकेट सॉकेटपर्यंत गेलंच, असं म्हणता येत नाही. मधल्या वाटेवर ते का टाकून दिलं गेलं, याचा हिशेब कर्नल ठेवतो, आणि तो असा बघता येतो:

```
nstat -az UdpInDatagrams UdpNoPorts UdpInErrors UdpInCsumErrors UdpRcvbufErrors
```

थोड्या अंतराने दोनदा चालवा आणि कोणता आकडा वाढतो ते बघा. `UdpNoPorts` वाढत असेल तर त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्रामच नाही. `UdpRcvbufErrors` वाढत असेल तर प्रोग्राम आहे, पण तो इतका हळू वाचतो की बफर भरून वाहतो आहे. आणि `UdpInCsumErrors` वाढत असेल तर पॅकेट चेकसमच्या तपासणीत नापास होतं आहे. भोसरीत हाच तिसरा आकडा, प्रत्येक हरवलेल्या पॅकेटमागे एकने, वाढत होता.

चेकसम चुकलेला डेटाग्राम लिनक्स गुपचूप टाकून देतो. पाठवणाऱ्याला काही कळवत नाही, प्रोग्रामला काही कळवत नाही. बंद पोर्टवर पॅकेट आलं तर निदान आयसीएमपीचा निरोप परत जातो. इथे तेवढंही नाही. म्हणून हा काउंटर बघितल्याशिवाय हा दोष सापडणं अवघड आहे.

tcpdump ची ती ओळ नीट वाचली असती तर तिथेही हे लिहिलेलं होतंच:

```
192.168.10.52.40001 > 192.168.10.5.5005: [bad udp cksum 0x301d -> 0x300e!] UDP, length 4
```

डावीकडचा आकडा पॅकेटमध्ये आलेला, बाणापुढचा आकडा tcpdump ने स्वतः काढलेला. वायरशार्क वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्यात यूडीपी चेकसमची पडताळणी मुळात बंद असते. सेटिंगमध्ये UDP खाली `Validate the UDP checksum if possible` सुरू केल्याशिवाय तो चुकीच्या चेकसमबद्दल काही बोलणार नाही.

बारा बाइट आणि चार फील्ड

आता ते पॅकेटच उघडून बघू. tcpdump ला `-X` दिलं की बाइट दिसतात. आयपीचा हेडर आणि इथरनेटने शेवटी जोडलेले भरतीचे बाइट सोडले तर उरतं ते एवढंच:

```
9c41 138d 000c 301d 543d 3632
```

पहिले आठ बाइट म्हणजे यूडीपीचा अख्खा हेडर. १९८० च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ७६८ मध्ये तो मांडला, आणि तो अजून तसाच आहे. चार फील्ड, प्रत्येकी १६ बिट. `9c41` हा पाठवणाऱ्याचा पोर्ट, म्हणजे ४०००१. `138d` हा घेणाऱ्याचा पोर्ट, ५००५. `000c` ही लांबी, १२. यात हेडरचे आठ बाइट आणि डेटाचे चार बाइट दोन्ही धरलेले असतात, त्यामुळे ही लांबी आठपेक्षा कमी कधीच नसते. `301d` हा चेकसम. उरलेले `543d 3632` हा डेटा, अक्षरांत वाचला तर `T=62`, म्हणजे तेल ६२ अंशांवर आहे.

डेटा शाबूत आहे. पोर्ट बरोबर, लांबी बरोबर. या बारा बाइटांकडे कितीही वेळ बघितलं तरी चूक सापडत नाही. कारण चूक या बारा बाइटांत नाहीच.

यूडीपी हेडरमध्ये काय नाही तेही बघा. पॅकेट कोणत्या यंत्राकडून आलं आणि कोणत्या यंत्राकडे जायचं आहे, याचा इथे पत्ताच नाही. पोर्ट फक्त यंत्राच्या आतला प्रोग्राम सांगतो. यंत्राचे पत्ते आयपी हेडरमध्ये असतात, आणि तो थर वेगळा. आता समजा वाटेत कुठेतरी आयपी हेडरमधल्या पत्त्याचा एखादा बिट उलटला आणि पॅकेट भलत्याच यंत्राकडे गेलं. तिथेही ५००५ पोर्ट उघडा असेल, तर त्या यंत्राने केवळ या बारा बाइटांच्या जोरावर काय ओळखावं? पोर्ट जुळतो, लांबी जुळते, डेटा सुसंगत दिसतो. एका टाकीचं तापमान दुसऱ्याच कोणाच्या नोंदीत शिरेल.

आयपी हेडरला स्वतःचा चेकसम असतो, मग तो हे पकडत नाही का, असा प्रश्न इथे हमखास येतो. तारेवर झालेली गडबड तो पकडतो. पण प्रत्येक राउटर पॅकेटचा टीटीएल एकने कमी करतो आणि त्यासाठी आयपी हेडरचा चेकसम नव्याने जुळवतो. राउटरच्या मेमरीतच पत्ता बिघडला आणि त्यानंतर चेकसम नव्याने मोजला गेला, तर पुढच्या सगळ्यांना तो बिघडलेला पत्ता अगदी खरा वाटेल. पत्त्यांची हमी या टोकापासून त्या टोकापर्यंत हवी असेल, तर ती मूळ पाठवणाऱ्याने मोजलेल्या आणि शेवटच्या घेणाऱ्याने तपासलेल्या आकड्यातच असावी लागते. तसा आकडा पॅकेटमध्ये एकच आहे, यूडीपीचा चेकसम.

म्हणून चेकसम मोजताना यूडीपीच्या आठ बाइटांच्या आणि डेटाच्या पुढे आणखी बारा बाइट आहेत असं धरून बेरीज करायची, असा नियम ठरला. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता चार बाइट, घेणाऱ्याचा चार बाइट, मग एक शून्य बाइट, एक बाइट प्रोटोकॉलचा क्रमांक (यूडीपीसाठी १७), आणि दोन बाइट यूडीपीची लांबी. हाच स्यूडो हेडर. तो तारेवरून कधीच जात नाही. पाठवणारा आपल्यापुरता तो मनात जुळवतो, बेरजेत धरतो आणि सोडून देतो. घेणारा हाती आलेल्या आयपी हेडरमधले पत्ते घेऊन तोच हेडर स्वतःकडे पुन्हा जुळवतो. दोघांच्या समजुतीतले पत्ते सारखे असतील तरच दोघांची बेरीज जुळते.

प्रोटोकॉलचा क्रमांकही याच कारणाने आत आहे. आयपी हेडरमधलं ते फील्ड बिघडून दुसऱ्याच प्रोटोकॉलचं पॅकेट यूडीपीच्या हाती आलं, तर बेरीज फसावी म्हणून. टीटीएल मात्र स्यूडो हेडरमध्ये नाही आणि असूच शकत नाही, कारण तो वाटेत बदलणारच असतो.

पिंग का चालत होता, याचं उत्तरही इथेच आहे. आयपीव्ही ४ मधला आयसीएमपी स्यूडो हेडर वापरत नाही. त्याचा चेकसम फक्त त्याच्या स्वतःच्या निरोपावर असतो. म्हणजे एखाद्या यंत्राची स्वतःच्या पत्त्याविषयीची आतली समजूत चुकलेली असली, तरी पिंगला त्याची झळ लागत नाही. पिंग चालतो आणि यूडीपी मरतो, ही जोडी दिसली की माझा पहिला संशय स्यूडो हेडरवर जातो.

बेरीज हाताने करून बघू

संशय खरा की खोटा हे कागदावर ठरवता येतं. पद्धत सोपी आहे. सगळं १६ बिटांच्या तुकड्यांत मांडायचं, बेरीज करायची, १६ बिटांच्या बाहेर गेलेला हातचा परत खालच्या टोकाला मिळवायचा, आणि शेवटी सगळे बिट उलटे करायचे. चेकसमच्या जागी मोजताना शून्य धरायचं.

```
पाठवणारा 192.168.10.52   c0a8 + 0a34
घेणारा    192.168.10.5    c0a8 + 0a05
प्रोटोकॉल आणि लांबी        0011 + 000c
स्यूडो हेडरची बेरीज        195a6  ->  95a7

यूडीपी हेडर   9c41 + 138d + 000c + 0000 = afda
डेटा          543d + 3632               = 8a6f

95a7 + afda = 14581  ->  4582
4582 + 8a6f = cff1
बिट उलटे केल्यावर: 300e
```

tcpdump ने सांगितलेला `300e` आपल्याही हाती आला. नोडने मात्र `301d` पाठवला आहे. दोन्हींतला फरक `000f`, म्हणजे १५.

आता दुसरं पॅकेट घ्या, ज्यात डेटा `T=63` आहे. योग्य चेकसम `300d`, आलेला `301c`. फरक पुन्हा `000f`. तिसरं घ्या, चौथं घ्या, आकडा काहीही असो, फरक तोच राहतो.

माझ्या मते सगळ्या तपासात ही पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि ती फारच कमी लोक करतात. तार खराब असती, स्विचचा पोर्ट खराब असता, मेमरी खराब असती, तर दर पॅकेटला वेगळी चूक झाली असती. शिवाय तारेवरचा बिघाड इथरनेटच्या सीआरसीमध्येच अडकला असता आणि पॅकेट सर्व्हरच्या कार्डापुढे आलंच नसतं. डेटा बदलूनही फरक तसाच राहतो, याचा अर्थ पाठवणाऱ्याने डेटा बरोबर मोजला, आणि बेरजेतला जो भाग दर पॅकेटला सारखाच असतो तिथेच तो चुकला. सारखा राहणारा भाग म्हणजे पत्ते, प्रोटोकॉल आणि पोर्ट. पोर्ट तर पॅकेटमध्ये बरोबर दिसतात, आणि प्रोटोकॉल धरायचा राहिला असता तर फरक १७ आला असता. उरले पत्ते.

आणि तो फरक स्वतःच पुढचं बोलतो. आलेल्या चेकसममधून योग्य चेकसम वजा केला तर उत्तर येतं खरा पत्ता वजा बेरजेत धरलेला पत्ता. बिट उलटे केल्यामुळे ही दिशा अशी होते. खऱ्या पत्त्याचा शेवटचा भाग ५२. त्यातून १५ गेले, ३७ उरले. म्हणजे नोड पॅकेटवर 192.168.10.52 लिहितो आहे, पण बेरीज 192.168.10.37 धरून करतो आहे. वजाबाकी ऋण येत असेल तर घाबरू नका. नवा पत्ता जुन्यापेक्षा लहान आहे, एवढाच त्याचा अर्थ. आकडे उलट क्रमाने वजा करा आणि उत्तर खऱ्या पत्त्यात मिळवा.

राउटरच्या आदल्या दिवशी उतरवून ठेवलेल्या यादीत हा नोड ३७ वर होता. इथे संशय संपला.

वीज गेल्यावर नेमकं काय होत होतं

नोडला बॅटरीचा आधार आहे, सर्व्हरला यूपीएस आहे. राउटर आणि स्विच मात्र साध्या लाइटवर. वीज गेली की राउटर-स्विच बंद, नोड चालूच. वीज आली की स्विच सुरू होतो, नोडला तार पुन्हा जिवंत झालेली दिसते, आणि तो डीएचसीपीकडे नव्याने पत्ता मागतो. राउटर आपली वाटपाची यादी मेमरीत ठेवतो, ती वीज जाताना पुसलेली असते. मग जो आधी मागेल त्याला पहिला मोकळा पत्ता. कारखान्यातली इतर यंत्रंही त्याच क्षणी रांगेत असतात, त्यामुळे कोणाला कोणता पत्ता मिळेल ते दर वेळी बदलतं. ज्या नोडला योगायोगाने जुनाच पत्ता मिळतो तो चालू राहतो. बाकीचे गप्प होतात. दर वेळी वेगळ्या टाक्या का बंद पडायच्या, ते इथे उलगडलं.

राहिला प्रश्न नोडच्या आतल्या कोडचा. या नोडवर ENC28J60 ही इथरनेटची चिप आहे. ती फ्रेम पाठवते आणि घेते, आयपी आणि यूडीपी मात्र नियंत्रकावरच्या कोडला स्वतः जुळवावं लागतं. लिहिणाऱ्याने नियंत्रकाचं थोडं काम वाचवायला स्यूडो हेडरमधल्या पत्त्यांची बेरीज सुरुवातीला एकदाच करून एका चलात ठेवली होती, आणि दर पॅकेटला तीच वापरली जात होती. आयपी हेडर मात्र दर वेळी नव्या पत्त्याने बांधला जायचा, त्याचा चेकसमही नव्याने निघायचा. म्हणून आयपीच्या थराला काहीच खटकत नव्हतं. नोड रीस्टार्ट केला की पत्ता मिळाल्यावर ती बेरीज पुन्हा व्हायची, आणि आजार बरा झाल्यासारखा वाटायचा.

दुरुस्ती म्हणजे ती साठवलेली बेरीज काढून टाकणं आणि पाठवायच्या क्षणी जो पत्ता आयपी हेडरमध्ये जाणार आहे, तोच इथेही देणं:

```c
uint32_t pseudo_sum(uint32_t src, uint32_t dst, uint16_t udp_len)
{
    uint32_t s = 0;
    s += (src >> 16) + (src & 0xffff);
    s += (dst >> 16) + (dst & 0xffff);
    s += 17 + udp_len;
    return s;
}
```

दर पॅकेटला मोजून सहा बेरजा. आठ बिटांच्या नियंत्रकालाही त्या जाणवत नाहीत. महत्त्वाचं हे की `src` एकाच ठिकाणाहून यावा. आयपी हेडर एका चलातून आणि स्यूडो हेडर दुसऱ्या चलातून पत्ता घेत असेल, तर आज ना उद्या ते दोन वेगळे होतीलच.

हाताने चेकसम लिहिणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी, कारण याच कोडमध्ये त्या तपासाव्या लागल्या. डेटाचे बाइट विषम असतील, उदाहरणार्थ `T=100`, तर बेरजेपुरता शेवटी एक शून्य बाइट धरायचा, पण तो पाठवायचा नाही आणि लांबीतही मोजायचा नाही. हे चुकलं तर बिघाड फक्त विषम लांबीच्या पॅकेटांत दिसतो. आणि मोजून आलेला चेकसम नेमका `0000` असेल तर त्याऐवजी `ffff` पाठवायचा, कारण यूडीपीमध्ये शून्याचा अर्थ ‘पाठवणाऱ्याने चेकसम मोजलाच नाही’ असा राखून ठेवलेला आहे.

चेकसमच शून्य पाठवला तर?

हा उपाय कोणीतरी सुचवतोच, आणि तो चालतोही. आयपीव्ही ४ वर शून्य चेकसमचं पॅकेट नियमाला धरून आहे, घेणारा ते न तपासता स्वीकारतो, आणि tcpdump तिथे `[no cksum]` लिहितो. नोड तातडीने चालू हवे असतील आणि फर्मवेअर बदलायला वेळ लागणार असेल, तर दोन दिवसांसाठी मी ते मान्य करेन. कायमचं नाही. तापलेल्या तेलाच्या टाकीचा आकडा भोंग्याशी जोडलेला असताना, ६२ चा बिघडून २२ झाला तरी कोणी तपासणार नाही अशी व्यवस्था ठेवणं मला पटत नाही.

आयपीव्ही ६ वर तर ही वाट जवळजवळ बंदच आहे. आयपीव्ही ६ च्या हेडरला स्वतःचा चेकसम नाही, त्यामुळे पत्त्यांची राखण पूर्णपणे यूडीपीच्या चेकसमवर येते आणि तो सक्तीचा आहे. काही टनेलपुरती तेवढी सवलत दिलेली आहे. तिथला स्यूडो हेडर ४० बाइटांचा असतो, कारण एकेक पत्ताच १६ बाइटांचा.

फर्मवेअर बदलणं हाती नसेल तर राउटरमध्ये प्रत्येक नोडच्या मॅक पत्त्यासाठी आयपी पत्ता राखून ठेवा. यादी पुसली गेली तरी ही नोंद राउटरच्या सेटिंगमध्ये राहते, नोडला तोच पत्ता मिळतो, आणि जुनी बेरीज योगायोगाने नव्हे तर खात्रीने बरोबर ठरते. दोष आत तसाच राहतो, पण दिसत नाही. सर्व्हरचा पत्ता बदलला, तर मात्र तो पुन्हा डोकं वर काढेल, कारण साठवलेल्या बेरजेत घेणाऱ्याचाही पत्ता आहे.

तुमच्याकडे फरक वेगळा निघाला तर

फरक वाचायची सवय लागली की इतर दोषही ओळखता येतात. याच उदाहरणात फरक `cadc` आला असता, तर? तो `c0a8 + 0a34` आहे, म्हणजे पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता. अर्थ असा की बेरीज करताना पत्त्याच्या जागी 0.0.0.0 होतं, डीएचसीपीकडून पत्ता मिळायच्या आधीच कोडने बेरीज उरकली. फरक `0011` असेल तर प्रोटोकॉलचा १७ धरायचा राहिला.

मध्ये पत्ता बदलणारं नॅट असेल आणि त्याने यूडीपी चेकसम न जुळवताच पत्ता बदलला, तर फरक आतल्या आणि बाहेरच्या पत्त्यांच्या बेरजांमधला येईल. पोर्ट बदलला असेल तर त्याचाही वाटा त्यात दिसेल. स्यूडो हेडरची ही किंमत आहे. आयपीच्या थरात काम करणाऱ्या पेटीला एक थर वर हात घालून यूडीपीचा चेकसम दुरुस्त करावा लागतो. बरीच नॅट पूर्ण बेरीज नव्याने न करता फक्त जुन्या आणि नव्या पत्त्यातला फरक चेकसममध्ये मिळवतात, आणि ते चांगलंच आहे, कारण अशा नॅटमधून गेल्यावरही आधीची चूक पुसली जात नाही, घेणाऱ्यापर्यंत पोहोचते आणि पकडली जाते.

आता एक फसवा प्रकार. तुम्ही tcpdump सर्व्हरवर चालवलं आणि सर्व्हर स्वतः पाठवतो त्या पॅकेटांवर `bad udp cksum` दिसलं, तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. समजा सर्व्हर नोडला `ACK1` असं चार बाइटांचं उत्तर पाठवतो. तिथे दिसेल:

```
[bad udp cksum 0x95a7 -> 0x2e09!]
```

`95a7` ओळखीचा वाटतो का? वर काढलेली स्यूडो हेडरची बेरीज तीच. लिनक्स चेकसमच्या जागी फक्त एवढी बेरीज, बिट न उलटता, लिहून ठेवतो आणि उरलेलं काम नेटवर्क कार्डावर सोपवतो. tcpdump ते पॅकेट कार्डाने पूर्ण करायच्या आधी बघतं. खूण अशी की डेटा बदलला तरी लांबी तीच असेपर्यंत चेकसमचं फील्ड तसंच राहतं. खऱ्या चुकीत फरक स्थिर असतो, इथे फील्डच स्थिर असतं. खात्री करायची असेल तर:

```
sudo ethtool -K eth0 tx off
```

यानंतर तोच इशारा गेला तर कारण हेच होतं. मग `on` करून टाका. चेकसमबद्दलचा निकाल नेहमी घेणाऱ्या यंत्रावरच्या tcpdump वरून द्या, पाठवणाऱ्यावरच्या नव्हे.

एक मर्यादाही सांगायला हवी. वरच्या उदाहरणात सर्व्हरकडून नोडकडे जाणाऱ्या पॅकेटच्या स्यूडो हेडरची बेरीज उलट्या दिशेइतकीच, `95a7`, आली. पत्त्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज बदलत नाही. म्हणून पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता चुकून एकमेकांच्या जागी पडले, किंवा डेटातले १६ बिटांचे दोन तुकडे आपसात बदलले, तर हा चेकसम ते पकडू शकत नाही. १९८० सालच्या यंत्रांना परवडेल अशी ही तपासणी आहे, जाणूनबुजून केलेल्या फेरफारापुढे तर ती मुळीच टिकत नाही. तेवढी खात्री हवी असेल तर डेटाच्या आतच टाकीचा क्रमांक आणि स्वतंत्र सीआरसी ठेवा.

भोसरीच्या नोडमध्ये नवं फर्मवेअर घातल्यावर राउटर आणि स्विच मुद्दाम बंद-चालू करून बघितले. नोडना वेगळे पत्ते मिळाले, आणि `UdpInCsumErrors` चा आकडा जागचा हलला नाही.